मॅग्निट्यूड जुळतं, फेज का जुळत नाही: रबाळ्यातल्या एका ब्लोअरचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोटर आणि ब्लोअरची एक जोडी आहे. मोटर चार पोलची, मध्ये कपलिंग, पलीकडे ब्लोअर. अक्षाच्या दिशेची, म्हणजे शाफ्टच्या लांबीला समांतर अशी थरथर वाढली होती, म्हणून देखभाल विभागाने दोन सेन्सर लावले: एक मोटरच्या कपलिंगकडच्या बेअरिंगवर, दुसरा ब्लोअरच्या कपलिंगकडच्या बेअरिंगवर. दोन्हींची तोंडं मुद्दाम एकाच दिशेला ठेवली होती, कारण कपलिंगच्या दोन बाजूंना सेन्सर समोरासमोर बसले की फुकटचा १८० अंशांचा फरक दिसतो. मोटरकडच्या चॅनेलला अ म्हणू, ब्लोअरकडच्याला ब.

माझ्याकडे आल्या त्या फायली आणि एक प्रश्न. विभागप्रमुखांनी फोनवरच सांगितलं, "सर, अ‍ॅम्प्लिट्यूड प्रत्येक वेळी तेवढंच येतं. फेज मात्र रोज वेगळी. नि दोन चॅनेलमधली फेज म्हणाल तर ती ना शून्य, ना एकशे ऐंशी. फाउंडेशन ढिलं झालंय असं सगळे म्हणतायत. ग्राउटिंग करायला घेऊ का?"

ग्राउटिंग म्हणजे ब्लोअर बंद, बेडप्लेट उचलायची, आठवडाभर काम. त्याआधी फेजचा आकडा खरा आहे का ते पाहणं भाग होतं. या प्रकरणात फेज तीन वेगवेगळ्या कारणांनी हलत होती. तिन्ही कारणं डीएफटीच्या दोन गुणधर्मांतून निघतात, वेळेतली सरक आणि वारंवारतेतली सरक, आणि तिन्हींमध्ये मॅग्निट्यूडचा आलेख काहीच तक्रार करत नाही, किंवा केली तरी ती चुकीच्या ठिकाणी बोट दाखवते.

नोंदीचा तपशील असा. सेकंदाला १०२४ सॅम्पल, एका रेकॉर्डमध्ये N = १०२४ सॅम्पल, म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड एक सेकंदाचा आणि डीएफटीचा प्रत्येक बिन बरोबर १ हर्ट्‌झचा. विंडो लावलेली नव्हती. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चार पोलच्या मोटरची सिंक्रोनस गती १५०० आरपीएम. स्लिप धरून ही मोटर १४८२ आरपीएमच्या आसपास फिरत होती, म्हणजे २४.७ हर्ट्‌झ. आलेखात टोक दिसत होतं बिन २५ वर.

आधी एकाच चॅनेलची रोज बदलणारी फेज घेऊ. सिग्नल n₀ सॅम्पल उशिरा सरकवला तर डीएफटीत असं होतं:

x[n − n₀]  →  X[k] · e^(−j2πkn₀/N)

उजवीकडच्या गुणकाची लांबी नेहमी १ असते. म्हणून |X[k]| जसंच्या तसं राहतं आणि बदलते ती फक्त फेज, तीही बिनच्या क्रमांकाच्या प्रमाणात. रेकॉर्डिंगचं बटण कोणत्या क्षणी दाबलं जातं ते कुणाच्या हातात नसतं. शाफ्टवर टॅको नसेल, तर रेकॉर्ड सुरू होताना शाफ्ट फेऱ्यातल्या कोणत्या जागी होता हे कळायला मार्ग नाही. एका सॅम्पलची सरक बिन २५ वर ८.८ अंश हलवते, म्हणजे साधारण ४१ सॅम्पलमध्ये, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, पूर्ण फेरा. तेव्हा रोज वेगळी दिसणारी ती फेज मशिनबद्दल काहीच सांगत नव्हती.

एका फाइलमध्ये मात्र सलग रेकॉर्ड होते, एक संपला की लगेच दुसरा, मध्ये एकही सॅम्पल गेलेलं नाही. तिथे सरक मोजून १०२४ सॅम्पलची आहे. सूत्रात n₀ = −N घातलं तर गुणक e^(j2πk), म्हणजे प्रत्येक बिनवर १. सूत्राप्रमाणे फेज हलायलाच नको. प्रत्यक्षात बिन २५ ची फेज प्रत्येक रेकॉर्डगणिक १०८ अंशांनी मागे जात होती. दुसरं टोक दुप्पट वारंवारतेला, बिन ४९ वर होतं आणि तिसरं तिप्पट वारंवारतेला, बिन ७४ वर: बिन ४९ ची फेज १४४ अंश पुढे, बिन ७४ ची ३६ अंश पुढे. मॅग्निट्यूड ढिम्म.

इथे बरेच जण सूत्रावर किंवा सॉफ्टवेअरवर शंका घेतात. सूत्र बरोबर आहे, पण ते चक्राकार सरकीचं आहे: रेकॉर्डच्या शेवटून बाहेर पडलेले सॅम्पल सुरुवातीला येऊन बसतात असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात नव्या रेकॉर्डमध्ये नवे सॅम्पल आले. सिग्नल बिनवर तंतोतंत बसत असेल तर दोन्हींत फरक पडत नाही, कारण रेकॉर्डमध्ये पूर्ण आवर्तनंच मावतात आणि पुढचा सेकंद मागच्याची नक्कल असतो. २४.७ हर्ट्‌झच्या सिग्नलची एका सेकंदात २४ पूर्ण आवर्तनं आणि वर ०.७ आवर्तन होतं. पुढचा रेकॉर्ड त्या ०.७ वरून सुरू होतो. शून्य पूर्णांक सात फेरा पुढे म्हणजेच ०.३ फेरा मागे, आणि ०.३ गुणिले ३६० म्हणजे १०८ अंश.

म्हणजे खरी वेळ सरकते तेव्हा फेज सिग्नलच्या खऱ्या वारंवारतेने हलते, बिनच्या वारंवारतेने नाही. सूत्राने शून्य सांगितलं आणि मोजमापाने १०८ दाखवलं, तो फरकच आपल्याला सिग्नल बिनपासून किती दूर आहे ते सांगतो. त्या अंतराला δ म्हणू. पहिल्या हार्मोनिकला, म्हणजे शाफ्टच्या फिरण्याच्या मूळ वारंवारतेला, ते −०.३ बिन. दुसरी हार्मोनिक ४९.४ वर, जवळचा बिन ४९, म्हणून +०.४. तिसरी ७४.१ वर, म्हणून +०.१. तिन्ही आकडे एकाच २४.७ च्या पटीतले निघाले, त्यामुळे हे एकाच शाफ्टचं काम आहे हेही त्यात पक्कं झालं. एक मर्यादा लक्षात ठेवायची: फेज दर ३६० अंशांनी पुन्हा तीच येते, म्हणून −१०८ आणि +२५२ यांत ही पद्धत भेद करत नाही. +२५२ चा अर्थ δ = +०.७ झाला असता. पण तसं असतं तर टोक बिन २६ वर दिसलं असतं.

आता दोन चॅनेलमधला फरक. हा रेकॉर्डच्या सुरुवातीवर अवलंबून नाही. दोन्ही चॅनेल एकाच क्षणी सुरू होत असतील तर सुरुवातीची सरक दोघांच्या फेजमध्ये सारखीच मिसळते आणि वजाबाकीत निघून जाते. तरीही ब वजा अ असा फरक पहिल्या हार्मोनिकला १३८, दुसऱ्या हार्मोनिकला ११२ आणि तिसऱ्याला ८१ अंश येत होता, रोज जवळपास तेवढाच. विभागातल्या मंडळींचा तर्क चुकीचा नव्हता. कपलिंगच्या दोन बाजू एकत्र हलत असतील तर फेज शून्याजवळ येते, अँग्युलर मिसअलाइनमेंट असेल तर १८० जवळ, आणि अधलेमधले आकडे आले की ढिलेपणा किंवा रेझोनन्स आठवतो.

मला खटकलं ते आकड्यांचं उतरणं. १३८, ११२, ८१: प्रत्येक हार्मोनिकला तीसेक अंशांची घट. रेझोनन्समध्ये फेज एखाद्या वारंवारतेपाशी वळते, आधी आणि नंतर सपाट असते. वारंवारतेच्या प्रमाणात सरळ रेषेत घसरणारी फेज म्हणजे वेळेतली सरक, याला अपवाद फार थोडे.

"दोन्ही सेन्सर एकाच कार्डावर आहेत का?" मी विचारलं.

"नाही हो, अ नव्या मॉड्यूलवर आहे, ब जुन्यावर. पण क्लॉक एकच आहे, ट्रिगरही एकच."

क्लॉक एक असला तरी उशीर एक नसतो. दोन्ही मॉड्यूलमध्ये डेल्टा-सिग्मा प्रकारचे कन्व्हर्टर होते. ते आत खूप वेगाने सॅम्पल घेतात, डिजिटल फिल्टरमधून गाळतात आणि मग आपल्याला हव्या त्या दराने आकडा देतात. त्या गाळणीला काही सॅम्पलांचा वेळ लागतो. किती, ते फिल्टरच्या रचनेवर ठरतं, आणि दोन मॉडेलमध्ये ते वेगळं असू शकतं. एकाच मॉडेलचे चॅनेल वापरले तर हा उशीर सगळ्यांना समान म्हणून कधी नजरेला येत नाही.

याची चाचणी सोपी आहे. दोन्ही सेन्सर एकाच बेअरिंग हाउसिंगवर शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसवायचे. आता दोघांना खरी थरथर एकच मिळते, म्हणून जो फेजचा फरक उरेल तो उपकरणाचा. बऱ्याच रेकॉर्डवर क्रॉस-स्पेक्ट्रमची सरासरी घ्यायची आणि फक्त तेच बिन बघायचे जिथे दोन चॅनेलांचं कोहेरन्स १ च्या जवळ आहे. बाकीच्या बिनमध्ये नुसता गोंगाट असतो आणि तिथली फेज कुठेही उडते. रबाळ्याला ही चाचणी केल्यावर शून्यातून निघणारी सरळ रेषा मिळाली, दर हर्ट्‌झला १.२३ अंश खाली. १४६ हर्ट्‌झच्या पुढे ती −१८० वर पोहोचून एकदम +१८० वर उडी घेते आणि पुन्हा उतरू लागते. हे करवतीचे दाते म्हणजे दोष नव्हे. फेज −१८० ते +१८० या पट्ट्यातच छापली जाते, म्हणून रेषा घडी घालून दिसते एवढंच.

रेषा शून्यातून गेली हे महत्त्वाचं होतं. सेन्सर उलटा बसला असता किंवा तारांची अदलाबदल झाली असती तर सगळीकडे सारखेच १८० अंश, म्हणजे आडवी रेषा मिळाली असती. सेन्सरचं मॅग्नेट नीट चिकटलं नसतं तर रेषा वरच्या वारंवारतेकडे वाकली असती, आणि मॅग्निट्यूडही जुळलं नसतं. उतारावरून उशीर काढायचा तर १.२३ ला १०२४ ने गुणून ३६० ने भागायचं: ३.५ सॅम्पल. ब हा अ पेक्षा साडेतीन सॅम्पल उशिरा नोंदला जात होता, साधारण ३.४ मिलिसेकंद.

साडेतीन, म्हणजे पूर्णांक नव्हे. तीन किंवा चार सॅम्पल पुढे ढकलून भागत नाही. अर्ध्या सॅम्पलची चूक दुसऱ्या हार्मोनिकला साडेआठ अंशांहून अधिक पडते. डीएफटीत मात्र अपूर्णांक सरकही तशीच गुणकाने लावता येते:

```python
k = np.fft.fftfreq(N) * N
B = np.fft.fft(b)
b2 = np.fft.ifft(B * np.exp(2j*np.pi*k*3.5/N))
```

ब मागे पडला होता म्हणून त्याला पुढे आणायचं, म्हणून घातांकात अधिक चिन्ह. चिन्ह उलटं घेतलं तर उशीर सातवर जातो आणि शेजारी-शेजारीच्या चाचणीची रेषा सपाट होण्याऐवजी दुप्पट उतरते. त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. विभागातल्या एका मुलीने k म्हणून सरळ ० ते १०२३ घेतलं होतं आणि परत आलेल्या सिग्नलचा वास्तव भाग घेतल्यावर तिला जवळजवळ शून्यच मिळत होतं. डीएफटीच्या वरच्या अर्ध्या भागातले बिन प्रत्यक्षात ऋण वारंवारता आहेत: बिन ९९९ म्हणजे −२५. पूर्णांक सरक असेल तर ९९९ घ्या की −२५ घ्या, गुणक एकच येतो. सरक ३.५ असली की त्या दोन गुणकांत e^(j7π) म्हणजे −१ चा फरक पडतो. मग धन आणि ऋण अर्धे एकमेकांचे संयुग्मी राहत नाहीत, चिन्ह उलटं होतं आणि शून्य वारंवारता सोडली तर सगळा सिग्नल काल्पनिक भागात जातो. |X[k]| या सगळ्यात अगदी तेच राहतं, म्हणून मॅग्निट्यूडचा आलेख बघून ही चूक कधीच सापडणार नाही. `ifft` च्या उत्तरात काल्पनिक भाग नगण्य आहे ना, हे बघायची सवय लावून घ्यावी. वरच्या `fftfreq` ने ही अडचण येत नाही. नायक्विस्टच्या एका बिनवर थोडा काल्पनिक भाग उरतो, पण अँटी-अलायझिंग फिल्टरनंतर तिथे सहसा फारसं काही नसतं.

चक्राकार सरकीचा प्रश्न इथेही आहेच. सुरुवातीचे साडेतीन सॅम्पल फिरून शेवटी जातात आणि तिथे जोड बसत नाही म्हणून कडेला थोडी थरथर उमटते. १०२४ मध्ये साडेतीन म्हणजे नगण्य. पुढे विंडो लावायची असेल तर आधी सरक दुरुस्त करून मग लावावी, म्हणजे कडेची ही खोट विंडोच दाबून टाकते.

दुरुस्तीनंतर फरक असे आले: पहिल्या हार्मोनिकला १३८ मध्ये ३० मिळवून १६८, दुसऱ्याला ११२ मध्ये ६१ मिळवून १७३, तिसऱ्याला ८१ मध्ये ९१ मिळवून १७२. उतरणारा जिना सपाट झाला आणि तिन्ही आकडे १८० च्या शेजारी जाऊन बसले. वाकलेल्या शाफ्टनेही अक्षाच्या दिशेला असा फरक पडतो, पण तो एकाच मशिनच्या दोन टोकांच्या बेअरिंगांमध्ये. तिथेही मोजून पाहिलं, तसं काही नव्हतं. संशय अँग्युलर मिसअलाइनमेंटवर स्थिरावला.

मग विभागप्रमुखांनी एक रास्त शंका काढली. "मिसअलाइनमेंट असेल तर दुसरी हार्मोनिक मोठी दिसायला हवी ना? आपल्याकडे पहिली १.७२ आणि दुसरी १.०६ मिलिमीटर प्रति सेकंद आहे." इथे मॅग्निट्यूडच चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त करायला दुसरा गुणधर्म लागला.

सिग्नल बिनवर बसत नसेल तर बिनमध्ये त्याची उंची पूर्ण येत नाही. विंडो नसताना ०.३ बिनचं अंतर असेल तर ८६ टक्के येते, ०.४ ला ७६ टक्के, ०.१ ला ९८ टक्के. शिवाय बिनची फेज जवळपास १८०·δ अंशांनी चुकते: पहिल्या हार्मोनिकला −५४, दुसऱ्याला +७२, तिसऱ्याला +१८. दोन चॅनेलांच्या वजाबाकीत ही चूक निघून जाते, कारण δ दोघांना एकच आहे. उंचीतली चूक मात्र एकाच चॅनेलच्या दोन हार्मोनिकांची तुलना बिघडवते, आणि इथे नेमकी तीच तुलना चालली होती.

वारंवारतेतली सरक अशी आहे:

x[n] · e^(j2πmn/N)  →  X[k − m]

वेळेत फिरणाऱ्या गुणकाने गुणलं की सगळा स्पेक्ट्रम m बिन उजवीकडे जातो, आकार न बदलता. हा पहिल्या गुणधर्माचा आरसा आहे: तिथे वेळेत सरकवल्यावर वारंवारतेवर फेजचा उतार आला, इथे वेळेवर फेजचा उतार दिल्यावर वारंवारता सरकते. m अपूर्णांक घेतला की बिनांच्या मधलं टोक ओढून बिनवर आणता येतं.

```python
n = np.arange(N)
A1 = np.fft.fft(a * np.exp(2j*np.pi*0.3*n/N))[25] * 2/N
A2 = np.fft.fft(a * np.exp(-2j*np.pi*0.4*n/N))[49] * 2/N
```

प्रत्येक हार्मोनिकला आपापली सरक लागते, कारण δ वेगळा आहे. एकाच सरकीत सगळी टोकं बिनवर येत नाहीत. गुणकाच्या जागी नुसतं कोसाइन वापरायचा मोह टाळावा: कोसाइन म्हणजे दोन विरुद्ध फिरणाऱ्या गुणकांची बेरीज, त्यातून २५.० आणि २४.४ वर अर्ध्या-अर्ध्या उंचीच्या दोन प्रती तयार होतात आणि बिन २५ मध्ये एकमेकींत मिसळतात. आणि सरकवल्यानंतर सिग्नल वास्तव राहत नाही, म्हणून डावी-उजवी सममिती मोडते. ऋण वारंवारतेची प्रत −२४.४ वर जाते. ती दूर असल्याने बिन २५ मध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास गळती होते, या कामाला ती चालते. वीसएक हर्ट्‌झऐवजी दोन-तीन हर्ट्‌झची मशिन असती तर चालली नसती.

सरकीनंतर पहिली हार्मोनिक २.००, दुसरी १.४०. गुणोत्तर ०.६२ चं ०.७० झालं. दुसरी हार्मोनिक आधी दिसत होती त्यापेक्षा बरीच मोठी होती, आणि शंकेला उत्तर मिळालं.

याच सरकीची एक तपासणी मला फार आवडते. सलग रेकॉर्डवर n प्रत्येक वेळी शून्यापासून न मोजता पुढे चालू ठेवायचा: दुसऱ्या रेकॉर्डला १०२४ पासून, तिसऱ्याला २०४८ पासून. मग गुणक दर रेकॉर्डला आपणहून १०८ अंश पुढे जातो आणि सिग्नलचे १०८ मागे त्यात विरतात. बिन २५ ची फेज स्थिर उभी राहते. रबाळ्याला ती राहिली, पण लोड बदलल्यावर हळूहळू पुढे सरकू लागली, दर सेकंदाला सात अंशांनी. म्हणजे गती २४.७२ झाली होती. विजेची वारंवारता आणि स्लिप दोन्ही हलत असतात, म्हणून ०.३ हा आकडा कायमचा धरून चालत नाही. तो प्रत्येक फाइलसाठी सलग रेकॉर्डांवरून नव्याने काढावा लागतो.

ग्राउटिंग थांबवून डायल गेज लावला. कपलिंगच्या तोंडावर कोनातली चूक मिळाली. मोटरच्या मागच्या पायांखाली शिम घालून ती काढल्यावर अक्षीय थरथर उतरली आणि दुसरी हार्मोनिक खूपच लहान झाली.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आता ब चॅनेलसमोर ३.५ लिहिलेलं आहे. तो आकडा १०२४ च्या दरापुरता आहे. डेल्टा-सिग्मा कन्व्हर्टरचा उशीर सहसा सॅम्पलांत मोजला जातो, त्यामुळे दर दुप्पट केला तरी सॅम्पल तेवढेच राहतील असं वाटतं. पण काही कन्व्हर्टर दर बदलला की आतला फिल्टरच बदलतात. म्हणून दर किंवा मॉड्यूल बदललं की दोन्ही सेन्सर पुन्हा एका हाउसिंगवर शेजारी-शेजारी बसवून उतार मोजायचा, असं त्या सेटिंगच्या खाली टिपून ठेवलं आहे.